स्टोकॅस्टिक आरएसआय: दोलकावर बसवलेला दोलक इतके संकेत का देतो?

भाव चढण्या-उतरण्याचा जोर ० ते १०० च्या पट्टीवर मोजणारा आरएसआय हा दोलक काही आठवडे ४५ ते ५५ च्या दरम्यान रेंगाळतो, संकेताच्या वरच्या रेषेला म्हणजे ७० ला शिवत नाही आणि खालच्या ३० लाही नाही. त्याच चार्टवर खाली स्टोकॅस्टिक आरएसआय लावला, की तो मात्र दर चार-पाच कॅन्डलमागे तळ गाठतो आणि पुन्हा माथ्याला टेकतो. मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा दुसरा इंडिकेटर जास्त तल्लख आहे, पहिल्याला न दिसणारे काहीतरी त्याला दिसते, असा माझा समज झाला. मी त्यावर अलर्ट लावला, आणि तो इतक्या वेळा वाजला की तिसऱ्या दिवशी बंद करावा लागला. पुढे कागद-पेन घेऊन दोन्ही सूत्रे हाताने सोडवली, तेव्हा लक्षात आले की संकेतांची ही गर्दी बहुतांशी सूत्राच्या घडणीतून येते आणि बाजाराशी तिचा संबंध थोडाच असतो. तोच हिशेब येथे पायरीपायरीने मांडला आहे.

सुरुवातीला काय जवळ हवे

- कोणत्याही एका शेअरचे किंवा निर्देशांकाचे किमान १५० सलग बंद भाव. इतके का लागतात, ते पाचव्या पायरीत येईल.
- एक स्प्रेडशीट. पायथन येत असेल तर सातव्या पायरीतला छोटा प्रयोग करता येईल, पण तो सक्तीचा नाही.
- ज्या चार्टवर तुम्ही हा इंडिकेटर पाहता, त्याच्या सेटिंग्जमधले चारही आकडे कागदावर उतरवलेले.

१. आधी मूळ आरएसआय एका दिवसात किती हलतो, ते पाहा

आरएसआय वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडला. त्यात सरासरी वाढ आणि सरासरी घट अशा दोन राशी असतात आणि प्रत्येक नव्या दिवशी जुन्या सरासरीचे १३ भाग व आजच्या बदलाचा १ भाग मिळवून १४ ने भागले जाते. वाढीची सरासरी भागिले दोन्ही सरासऱ्यांची बेरीज, गुणिले १००, एवढाच तो आकडा आहे.

समजा, दोन्ही सरासऱ्या १ आहेत, म्हणजे आरएसआय ५० आहे. या सरासऱ्यांत वाढ नसलेले दिवस शून्य म्हणून धरलेले असतात, त्यामुळे प्रत्यक्षात वाढीचा एखादा साधा दिवस साधारण २ एककांचा असतो. आज तसाच एक साधा वाढीचा दिवस आला, तर वाढीची सरासरी (१३ + २) ÷ १४ म्हणजे १.०७ होते, घटीची १३ ÷ १४ म्हणजे ०.९३ होते आणि आरएसआय ५३.६ वर येतो. एका साध्या दिवसाची मजल सुमारे साडेतीन अंकांची, हा आकडा लक्षात ठेवा. पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

असेच साधे वाढीचे दिवस एकामागून एक येत राहिले, मध्ये एकही घटीचा दिवस आला नाही, तर ५० वरून ७० च्या पुढे जायला आरएसआयला सलग सात दिवस लागतात. सातव्या दिवशी तो ७०.२ होतो. ७० ची रेषा क्वचित का ओलांडली जाते, हे यावरून कळते, कारण सलग सात दिवस एकाच दिशेचे क्वचितच मिळतात.

२. आता त्यावर दुसरा दोलक बसवा

जॉर्ज लेन यांचा स्टोकॅस्टिक भावाला विचारतो, की गेल्या काही दिवसांच्या उच्चांक-नीचांकांच्या पट्ट्यात तू आज कोठे आहेस. तुषार चांदे आणि स्टॅन्ली क्रोल यांनी १९९४ मध्ये हाच प्रश्न भावाऐवजी आरएसआयला विचारला. आरएसआय बराच काळ टोकाच्या पातळ्यांना न शिवता मध्येच फिरत राहतो आणि संकेताची वाट पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, ही त्यांची अडचण होती. म्हणजे संवेदनक्षमता वाढवणे हाच हेतू होता, आणि जास्त संकेत ही या इंडिकेटरची चूक नसून त्याची मागणीच होती. ती मागणी कोणत्या किमतीवर पुरी झाली, एवढाच प्रश्न उरतो.

```
StochRSI = (RSI - min(RSI, 14)) / (max(RSI, 14) - min(RSI, 14))
```

उत्तर ० ते १ च्या दरम्यान येते; काही चार्टवर तेच १०० ने गुणून दाखवतात. ०.८ च्या वर ओव्हरबॉट म्हणजे अति खरेदी झालेला आणि ०.२ च्या खाली ओव्हरसोल्ड म्हणजे अति विक्री झालेला, असा प्रघात आहे.

उदाहरणासाठी मी स्वतः रचलेले आरएसआयचे १४ आकडे घेऊ: ४८, ५०, ५३, ५२, ४९, ४७, ४६, ४८, ५१, ५२, ५०, ४९, ५२, ५४. सर्वांत लहान ४६, सर्वांत मोठा ५४, पट्टा ८ अंकांचा. आजचा आरएसआय ५४ आहे, म्हणून (५४ − ४६) ÷ ८ = १. स्टोकॅस्टिक आरएसआय छताला टेकला आणि ओव्हरबॉटचा संकेत आला.

दुसऱ्या दिवशी भाव थोडा उतरला आणि आरएसआय ५१ झाला. यादीतला पहिला ४८ बाहेर गेला, पण ४६ आणि ५४ आतच आहेत, म्हणून उत्तर ५ ÷ ८ = ०.६२५. तिसऱ्या दिवशी आरएसआय ४७ झाला आणि उत्तर १ ÷ ८ = ०.१२५ आले, म्हणजे ओव्हरसोल्ड. दोन दिवसांत एका टोकाकडून जवळजवळ दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास झाला. त्याच वेळी मूळ आरएसआय फक्त सात अंक हलला, म्हणजे दोन साध्या घटीच्या दिवसांइतका, आणि तोही ५० च्या आसपासच. पहिल्या पायरीतला साडेतीनचा आकडा येथे आठवा: ८ अंकांच्या पट्ट्यात एक साधा दिवस पट्टीचा जवळजवळ निम्मा भाग कापतो.

३. संकेतांची संख्या वाढते कोठून, ते नेमके ओळखा

आरएसआयची पट्टी ठोकलेली आहे. ७० ही ७० च राहते, बाजार शांत असो वा उसळलेला. स्टोकॅस्टिक आरएसआयची पट्टी मात्र रबराची आहे. आरएसआय ज्या पट्ट्यात फिरला, तेवढ्यावर ती ताणून बसवली जाते, आणि पट्टा कितीही अरुंद असला तरी त्याच्या वरच्या टोकाला १ आणि खालच्या टोकाला ० लिहिलेले असते. त्यामुळे आरएसआयने गेल्या १४ दिवसांतला आपला उच्चांक गाठला, की तो उच्चांक ५४ असो वा ८४, उत्तर १ च येते.

मग असा चौदा दिवसांचा उच्चांक किती वेळा येत असेल? पूर्णपणे नाणेफेकीसारख्या, पण सलग आकडे एकमेकांना धरून चालणाऱ्या मालिकेत, जिला यादृच्छिक चाल म्हणतात, शेवटचा आकडा गेल्या १४ आकड्यांतला सर्वांत मोठा असण्याची शक्यता सुमारे १५.५ टक्के असते. सर्वांत लहान असण्याची शक्यताही तेवढीच. म्हणजे जवळजवळ ३१ टक्के दिवशी उत्तर अगदी ० किंवा अगदी १ येईल, आणि ०.८ च्या वरचे व ०.२ च्या खालचे बाकीचे दिवस त्यात अजून धरलेलेच नाहीत. आरएसआय ही हुबेहूब यादृच्छिक चाल नव्हे, तो ५० कडे थोडा ओढला जातो, म्हणून प्रत्यक्षातला आकडा काहीसा वेगळा पडतो. पण आजचा आरएसआय कालच्याला धरूनच चालतो आणि चौदा दिवसांच्या खिडकीत त्याची वागणूक या चालीच्या बरीच जवळ जाते.

थोडक्यात, ठोकलेल्या पट्टीवर टोक गाठायला सात दिवसांची सलग दौड लागते, तर ताणलेल्या पट्टीवर एखादा दिवसही पुरतो. संकेत जास्त येतात ते या फरकामुळे.

४. चार्टवर दिसणारी रेषा ही मूळ रेषा नसते, हे पडताळा

बहुतेक चार्टवर आकडे १४, १४, ३, ३ असे असतात. पहिले १४ आरएसआयचे, दुसरे १४ खिडकीचे, तिसरा ३ हा वरच्या उत्तराची तीन दिवसांची साधी सरासरी म्हणजे `K` रेषा, आणि शेवटचा ३ हा `K` ची पुन्हा तीन दिवसांची सरासरी म्हणजे `D` रेषा.

आपल्या उदाहरणातली तीन उत्तरे १, ०.६२५ आणि ०.१२५ अशी होती. त्यांची सरासरी ०.५८३. मूळ उत्तर ओव्हरसोल्ड सांगत असताना `K` रेषा मध्यावर आहे. म्हणून एका चार्टवर संकेत आला आणि दुसऱ्यावर आला नाही, असे दिसले की बाजारात काही शोधण्यापूर्वी गुळगुळीत केलेली रेषा कोणती आणि मूळ रेषा कोणती, हे पाहावे. गुळगुळीत केल्याने बारीक संकेत गळतात, हे खरे. पण तीन दिवसांची एक सरासरी साधारण एका दिवसाचा उशीर करते आणि दुसरी आणखी एका दिवसाचा. दोन दिवसांत टोक बदलणाऱ्या इंडिकेटरसाठी दोन दिवसांचा उशीर छोटा नाही. संवेदनक्षमता वाढवायची, मग गोंगाट झाला म्हणून ती पुन्हा कमी करायची, हा उलटसुलट व्यवहार मला आजही थोडा गमतीचा वाटतो.

५. सेटिंग्ज आणि भावांचा इतिहास जुळवून घ्या

येथे नवखा माणूस हमखास अडकतो. `TA-Lib` या लायब्ररीत `STOCHRSI` चे मूळ आकडे वेगळे आहेत: `timeperiod` १४ असला तरी `fastk_period` ५ असतो, आणि तिचा `fastk` गुळगुळीत केलेला नसतो. चार्टवर १४ ची खिडकी आणि प्रोग्राममध्ये ५ ची, असे असेल तर दोन्ही रेषा कधीच जुळणार नाहीत. आपल्या उदाहरणात तिसऱ्या दिवशी शेवटचे पाच आकडे ४९, ५२, ५४, ५१, ४७ असे आहेत. पाचच्या खिडकीत उत्तर ० येते, चौदाच्या खिडकीत ०.१२५. खिडकी लहान केली की संकेत किती फुगतात, तेही पाहून घ्या: यादृच्छिक चालीत पाचच्या खिडकीत अगदी ० किंवा अगदी १ येण्याची शक्यता सुमारे ५५ टक्क्यांवर जाते. अशा रेषेला टोकावर नसणे हीच बातमी म्हणावी लागेल.

इतिहासाचा मुद्दा असा. पहिला आरएसआय पंधराव्या बंद भावाला मिळतो, पहिला स्टोकॅस्टिक आरएसआय अठ्ठाविसाव्या भावाला आणि `D` रेषेचा पहिला बिंदू बत्तिसाव्या भावाला. आकडा मिळाला म्हणजे तो पक्का झाला, असे मात्र नव्हे, कारण वाइल्डर यांची सरासरी आपली सुरुवात सावकाश विसरते. २८ दिवसांनंतरही सुरुवातीच्या मूल्याचे सुमारे साडेबारा टक्के वजन उरलेले असते. १०० दिवसांनंतर ते एक टक्क्याच्या दहाव्या भागापेक्षाही कमी होते. मूळ आरएसआयमध्ये अर्ध्या अंकाचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण पट्टा ८ अंकांचा असेल तर तोच फरक दुसऱ्या दोलकात सहा टक्क्यांचा होतो. म्हणून किमान १५० भाव घ्यावेत, असे सुरुवातीला लिहिले.

६. तीन सापळे

पहिला सापळा पातळी हरवण्याचा. आरएसआय काढताना भावाची पातळी टाकून दिली जाते, आणि स्टोकॅस्टिक आरएसआय काढताना आरएसआयची पातळीही टाकून दिली जाते. जोरदार तेजीतली ही मालिका पाहा: ६६, ६८, ७०, ७३, ७५, ७४, ७६, ७८, ७७, ७५, ७४, ७२, ७०, ६५. शेवटचा ६५ हा या चौदांतला सर्वांत लहान आहे, म्हणून उत्तर ०, पूर्ण ओव्हरसोल्ड. पण ६५ चा आरएसआय म्हणजे सरासरी वाढ ही सरासरी घटीच्या जवळजवळ दुप्पट आहे. येथे ओव्हरसोल्ड या शब्दाचा अर्थ भाव पडलेला आहे असा होत नाही. चढण्याचा जोर गेल्या चौदा दिवसांच्या मानाने ओसरला आहे, एवढाच होतो. मला विचाराल तर ओव्हरबॉट आणि ओव्हरसोल्ड हे शब्द या इंडिकेटरसाठी वापरूच नयेत, कारण ते ऐकताना मन नकळत मूळ आरएसआयचा अर्थ लावते.

दुसरा सापळा मागच्या दाराचा. आज काहीही न घडता रेषा उडी मारू शकते. समजा, आरएसआय काल ५० होता, आजही ५० आहे. काल खिडकीत ४० ते ६० असा पट्टा होता, म्हणून उत्तर ०.५ होते. आज तो जुना ४० खिडकीबाहेर गेला आणि नीचांक ४७ झाला. आता उत्तर ३ ÷ १३, म्हणजे ०.२३. संकेत आजचा दिसतो, पण त्याचे कारण दोन आठवड्यांपूर्वीचे आहे. रेषा अचानक वळली की आधी खिडकीतून नुकताच बाहेर पडलेला आकडा पाहावा.

तिसरा सापळा सपाट भावांचा. बंद भाव बदललाच नाही, तर दोन्ही सरासऱ्या सारख्याच प्रमाणात घटतात आणि आरएसआय जागच्या जागी राहतो. क्वचित सौदे होणाऱ्या शेअरमध्ये किंवा एक मिनिटाच्या चार्टवर असे सलग चौदा वेळा झाले, तर उच्चांक आणि नीचांक एकच होतात आणि सूत्रात शून्याने भागाकार येतो. प्रोग्राम त्या जागी रिकामे मूल्य ठेवील, ० लिहील किंवा जुने उत्तर पुढे ओढील, हे तो लिहिणाऱ्यावर अवलंबून असते. ० लिहिला गेला तर तुमचा अलर्ट त्याला खरेदीचा संकेत समजेल. यावर साधा उपाय असा, की पट्टा काही किमान अंकांपेक्षा अरुंद असेल तर उत्तर काढूच नये. मी ही मर्यादा १० अंकांची ठेवतो. त्या नियमाने आपले पहिले उदाहरण मुळातच बाद होते, आणि ते बाद व्हावे अशीच माझी इच्छा आहे.

७. जिथे काहीच नाही तिथे किती संकेत येतात, ते मोजा

हा प्रयोग दहा मिनिटांचा आहे. संगणकाकडून निव्वळ यादृच्छिक भाव तयार करून घ्यायचे आणि दोन्ही दोलकांचे टोकावरचे दिवस मोजायचे.

```python
import numpy as np, pandas as pd
p = pd.Series(np.random.default_rng(1).normal(size=20000)).cumsum()
d = p.diff()
g = d.clip(lower=0).ewm(alpha=1/14, adjust=False).mean()
l = (-d).clip(lower=0).ewm(alpha=1/14, adjust=False).mean()
rsi = 100 * g / (g + l)
lo, hi = rsi.rolling(14).min(), rsi.rolling(14).max()
st = (rsi - lo) / (hi - lo)
print((rsi > 70).mean(), (st > 0.8).mean())
```

दुसरा आकडा पहिल्याच्या कित्येक पट मोठा येईल. या भावांत अंदाज करण्याजोगे काहीही नाही, तरीही स्टोकॅस्टिक आरएसआय शांतपणे संकेत देत राहतो. आता `p` च्या जागी तुमच्या शेअरचे खरे बंद भाव घाला आणि दोन्ही उत्तरे शेजारी ठेवा. खऱ्या भावांवर ०.८ च्या वरचे दिवस साधारण तेवढेच येत असतील, तर ती संख्या तुम्हाला त्या शेअरविषयी काहीच सांगत नाही.

८. मग तो वापरायचा कसा

मी त्याला दिशा विचारत नाही, फक्त वेळ विचारतो. दिशा मूळ आरएसआयवरून किंवा लांब पल्ल्याच्या चलसरासरीवरून आधी ठरवायची. आरएसआय बराच काळ ५० च्या वर टिकला असेल, तर स्टोकॅस्टिक आरएसआयचे वरच्या टोकाचे सगळे संकेत सोडून द्यायचे आणि तो ०.२ च्या खाली जाऊन पुन्हा वर आला, तेवढीच जागा पाहायची. आरएसआय ५० च्या खाली टिकून असेल तर याच्या उलट. ६५ वर संपलेल्या त्या तेजीच्या मालिकेत हा नियम विक्रीचे संकेत गाळतो. रेषा ० वरून ०.२ च्या पुढे आली, म्हणजे ओसरलेला जोर परत येत असल्याचे दिसले, की मग लक्ष द्यायला सांगतो. ती वर आलीच नाही आणि मूळ आरएसआय ५० खाली घसरला, तर आधी ठरवलेली दिशाच चुकली, असे धरून तो संकेत सोडून द्यायचा.

अलर्ट लावण्यापूर्वी आपल्या १५० भावांवर या नियमाने किती संकेत उरतात, ते हाताने मोजा आणि प्रत्येकासमोर त्या दिवशीचा मूळ आरएसआय व पट्ट्याची रुंदी लिहा. माझ्या पहिल्या यादीत अर्ध्याहून अधिक संकेतांसमोर ४७ ते ५३ च्या दरम्यानचा आरएसआय होता, आणि ते सगळे मी त्याच दिवशी खोडले.